मोटारी दुकानात अन् दुकान सात दिवस बंद: सूचना कशी लिहावी?

प्रश्न: माझे तालुक्याच्या गावी मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. आमच्या घरी खंडोबाचे षड्‌रात्र असते आणि यंदा ते करण्याची पाळी माझ्याकडे आली आहे, म्हणून सात दिवस दुकान बंद ठेवणार आहे. फळ्यावर मी असे लिहिले आहे: "सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की, घरगुती कार्यक्रमानिमित्त दुकान २७ तारखेपर्यंत बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व. तातडीसाठी संपर्क करा." खाली माझा मोबाइल नंबर आहे. धाकटा भाऊ म्हणतो, नंबर काढून टाक, नाहीतर आरतीतही फोन वाजत राहील. वडील म्हणतात, पिकाला पाणी देण्याचे दिवस आहेत, नंबर नसेल तर लोक तोडून बोलतील. दुसऱ्या दुकानाचा नंबर द्यावा तर गिऱ्हाईक कायमचे जाईल, अशीही भीती वाटते. सूचना कशी लिहावी?
— एक दुकानदार, अहमदपूर तालुका, जि. लातूर

उत्तर: शब्दांकडे वळण्याआधी तारखा पक्क्या करू. यंदा मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा शुक्रवारी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी आहे आणि चंपाषष्ठी बुधवारी, २६ नोव्हेंबरला आहे. घट बसल्यापासून तळी भरेपर्यंत हे सहा दिवस झाले. सातवा दिवस, म्हणजे गुरुवार २७ नोव्हेंबर, आपण आवराआवरीसाठी धरलेला दिसतो आणि तो धरायलाच हवा. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, तळी आणि पंगत उरकून पाहुणे मार्गी लागेपर्यंत रात्र होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता शटर उघडण्याचा शब्द दिला असेल तर तो पाळताना घरच्यांची ओढाताण होते. ठरल्या वेळेआधी दुकान उघडले म्हणून कोणी रागावत नाही. उशिरा उघडले तर मात्र वर्षभर ऐकून घ्यावे लागते. आपल्या घराण्यात घट उठवण्याची काही वेगळी रीत असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि गुरुजींना विचारून मगच तारीख फळ्यावर चढवावी.

आता आपल्या मजकुरातले "२७ तारखेपर्यंत बंद" हे शब्द पाहा. काही जण २७ तारीख बंदमध्ये धरतील, तर काही जण त्या दिवशी दुकान उघडेल असे समजतील. शहरात अशा चुकीने फार बिघडत नाही, एखादी चक्कर वाया जाते. आपल्याकडे मात्र शेतकरी चार माणसे जमवून विहिरीतून किंवा बोअरमधून मोटार वर काढतो, भाड्याच्या पिकअपमध्ये टाकतो आणि वीस-पंचवीस किलोमीटर घेऊन येतो. शटर बंद दिसले तर त्याचे भाडे, मजुरी आणि दिवस तिन्ही बुडतात. म्हणून बंद राहण्याचा पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि उघडण्याचा दिवस या तिन्ही गोष्टी वारासह लिहाव्यात, आणि उघडण्याची वेळही द्यावी. तारीख नजरेतून निसटली तरी वार लक्षात राहतो, कारण खेड्यातला माणूस आठवड्याचा हिशेब बाजाराच्या वारावरून लावतो.

या तिन्ही तारखांइतकीच महत्त्वाची एक तारीख आपल्या फळ्यावर नाही, ती म्हणजे मोटार दुरुस्तीला घेण्याची शेवटची तारीख. मोटार आली की काम किती दिवस चालते हे आपल्याला माहीत आहे. पाण्यातली मोटार उघडून जळलेली वाइंडिंग काढायची, स्टेटर साफ करायचा, नवी तार भरायची, जोड नीट बांधायचे, मग पाण्यात ठेवून मेगरवर तपासायची आणि पुन्हा जुळवायची; यात बुश किंवा थ्रस्ट बेअरिंग बदलायचे निघाले आणि ते लातूर-नांदेडहून मागवावे लागले, तर आणखी एक दिवस जातो. वार्निशची मोटार असेल तर थंडीत ती वाळायलाही वेळ लागतो. म्हणून उलटे मोजत या. गुरुवार २० नोव्हेंबर हा दुकान सुरू राहण्याचा शेवटचा दिवस. तो फक्त राहिलेल्या मोटारी देण्यासाठी मोकळा ठेवा, कारण त्या दिवशी अमावास्या आहे आणि काही शेतकरी अमावास्येला मोटार पाण्यात सोडत नाहीत. अमावास्या बुधवारी सकाळीच लागते, म्हणून ज्यांना ती पाळायची आहे त्यांच्यासाठी तयार मोटारी मंगळवारपर्यंत द्याव्या लागतील. हे सगळे जुळवायचे, तर नव्या मोटारी घेण्याचा शेवटचा दिवस शनिवार १५ नोव्हेंबर धरावा. रविवारपासून येणाऱ्या मोटारीला आपण नाही म्हणाल असे नाही, पण "ही २८ नंतरच मिळेल" हे मोटार आत घेण्याआधी सांगावे आणि पावतीवरही लिहावे.

हे ध्यानात आले की एका फळ्याने काम भागणार नाही हेही दिसेल. बंद होण्याआधी ग्राहकाने काय करायचे हे सांगणारी सूचना वेगळी आणि बंद असताना शटरसमोर उभ्या राहिलेल्या माणसासाठीची सूचना वेगळी. पहिली काउंटरजवळ, आत येणाऱ्याला दिसेल अशी हवी. ती किमान दोन आठवडी बाजार आधी लागली पाहिजे, म्हणजे आसपासच्या गावांतून बाजाराला येणाऱ्यांच्या नजरेखालून ती दोनदा जाईल. दुसरी शटर खाली ओढल्यावर बाहेरच्या बाजूने लावावी. दुकान उघडे असताना शटरवर लावलेला कागद गुंडाळून वर जातो आणि कोणालाच दिसत नाही, आणि दुकान बंद झाल्यावर काउंटरवरचा फळा शटरच्या आत राहतो. पहिल्याच कागदावर सगळे लिहून तोच शटरला चिकटवला, तर बंद दुकानासमोर उभा असलेला माणूस "१५ तारखेपर्यंत मोटारी आणून द्याव्यात" हे वाक्य वाचून आणखी चिडतो.

शटरवरचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावावी, कारण नोव्हेंबरात पहाटे दव पडते आणि स्केच पेनची शाई ओघळते. उघडण्याची तारीख आणि संपर्क क्रमांक ही दोनच ओळींची अक्षरे मोठी ठेवावीत, इतकी की मोटारसायकलवरून न उतरता वाचता यावीत. बाकी मजकूर लहान चालेल.

ज्यांच्या मोटारी आज आपल्या दुकानात आहेत, त्यांना मात्र फळ्याच्या भरवशावर सोडू नये. वहीतून यादी काढून प्रत्येकाला फोन करावा: मोटार तयार आहे का, किती पैसे राहिले आहेत, कोणत्या दिवशी न्यायची. ज्यांच्याकडून इसार घेतला आहे त्यांना आधी. हे फोन फार तर एका संध्याकाळचे काम आहे, आणि बंदच्या आठवड्यात येणारे निम्म्याहून अधिक फोन याच लोकांचे असतात असे मला दुकानदारांशी बोलताना वारंवार जाणवले आहे.

आता तातडीच्या संपर्काकडे येतो, कारण आपल्या घरातला वाद तिथेच आहे. आपले वडील ज्या अडचणीकडे बोट दाखवतात ती अगदी खरी आहे. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, पहिले पाणी द्यावे लागते, आणि हे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात. ज्याने ४ नोव्हेंबरला गहू पेरला, त्याचे ते दिवस २२ ते २५ नोव्हेंबर येतात, म्हणजे नेमके आपल्या घटाचे दिवस. हरभऱ्याचे तसे नाही. जमिनीत ओल असेल तर चार-सहा दिवस पुढेमागे झालेले चालते. तेव्हा त्या आठवड्यात मोटार जळलेल्या काही शेतकऱ्यांना खरोखरच थांबता येणार नाही, आणि सूचनेत त्यांची सोय नसणे बरोबर नाही. पण भावाचेही खोटे नाही. कोणत्या कामासाठी आणि कोणत्या वेळेत हे न सांगता दिलेला नंबर म्हणजे सगळ्यांना चोवीस तासांचे आमंत्रण असते. मग दर विचारणारा, जुनी मोटार विकायची आहे असे सांगणारा आणि खरोखर अडलेला, असे तिघेही आरतीच्या वेळीच फोन करतात.

म्हणून नंबर द्या, पण आपला देऊ नका. आपल्याकडचा जो कारागीर त्या आठवड्यात गावातच राहणार आहे आणि ज्याच्याकडे दुकानाची किल्ली ठेवण्याइतका आपला विश्वास आहे, त्याच्याशी आधी बोलून त्याचा नंबर द्या. त्याला त्या दिवसांची मजुरी द्यावी, कारण सुटीत फोन उचलणे हे कामच आहे. वेळ सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ७ ठेवावी. रात्रपाळीच्या लाइटवर पाणी देताना जळलेल्या मोटारीचा निरोप सकाळीच येतो, म्हणून सकाळची वेळ सोडू नये. त्याच्या हाती एक कागद द्यावा, ज्यावर दुकानातल्या प्रत्येक मोटारीच्या मालकाचे नाव, गाव, एचपी, तयार आहे की नाही आणि बाकी रक्कम लिहिलेली असेल. तयार मोटार पैसे घेऊन द्यायची आणि मालकाची सही घ्यायची, एवढेच त्याचे काम. नवी मोटार त्याने ठेवून घेऊ नये. ठेवून घेतली की ती आपल्या दुकानात सात दिवस पडून राहते आणि शेतकऱ्याचा समज असा होतो की काम सुरू आहे.

नवी जळालेली मोटार मग कुठे जाईल? दुसऱ्या दुकानाकडे, आणि आपण स्वतः ती तिकडे पाठवावी. आपली भीती मला समजते, पण हिशेब नीट मांडून पाहा. गव्हाला पाणी द्यायचे असलेला शेतकरी आपण नंबर दिला नाही तरी दुसरे दुकान शोधणारच आहे. फरक इतकाच की नंबर दिला नाही तर तो आपल्यावर रागावून जाईल, आणि दिला तर पुढच्या वेळी आपल्याकडे येताना त्याला संकोच वाटणार नाही. मात्र त्या दुकानदाराला प्रत्यक्ष भेटून विचारावे, त्याच्याकडे तार आणि जागा आहे का हे पाहावे, आणि त्याची सुटी असेल तेव्हा आपण त्याची गिऱ्हाइके सांभाळू असा शब्द द्यावा. त्याचे नाव फळ्यावर छापण्याची गरज नाही. कारागिराने फोनवर सांगितले तरी पुरते. एखाद्याला न विचारता त्याचा नंबर सूचनेत लिहिणे मला अजिबात पटत नाही.

कारागिराने नव्या फोनवर आधी एकच गोष्ट विचारावी: "तुमच्या डीपीवरच्या शेजाऱ्याची मोटार चालू आहे का?" तीही बंद असेल तर बिघाड बहुधा मोटारीत नसून लाइनीत किंवा डीपीवर असतो, आणि मोटार वर काढण्याचा खर्च वाचतो. अशा वेळी तक्रार महावितरणच्या १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ या टोल फ्री क्रमांकावर करायची असते. हे क्रमांक सूचनेतही द्यावेत. शेजाऱ्याची चालू असेल आणि स्टार्टर दाबताच ट्रिप होत असेल किंवा फ्यूज उडत असेल, तर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये, एवढे त्याला सांगावे आणि मग दुसऱ्या दुकानाचा पत्ता द्यावा.

कारण लिहावे का, असे आपण विचारलेले नाही, पण "घरगुती कार्यक्रम" हे शब्द मला अपुरे वाटतात. खंडोबाचे षड्‌रात्र म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला पुढे समजावून सांगावे लागत नाही. घरात घट आहे, यजमानाला उठता येत नाही, हे तो जाणतो आणि फोन करतानाही सांभाळून करतो. कारण इतकेच द्यावे. "सहकुटुंब गावी जात आहोत" किंवा "अणदूरला दर्शनाला जात आहोत" असे शटरवर कधीही लिहू नये. आपल्या दुकानात तांब्याची तार आणि जुन्या वाइंडिंगचे तांबे असते, आणि ते चोरून विकायला सोपे असते. सात दिवस इथे कोणी नाही हे जाहीर करणे परवडणारे नाही. तांबे शक्य असेल तर घरी हलवावे, ग्राहकांच्या मोटारी आतल्या भिंतीला लावाव्यात आणि शेजारच्या दुकानदाराला रोज शटरकडे नजर टाकायला सांगावे.

मोबाइलवरून कळवणार असाल तर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. व्हॉट्सअॅपचे स्टेटस २४ तासांत निघून जाते, म्हणून ते आदल्या आठवड्यात आणि बंदच्या दिवसांतही रोज नव्याने ठेवावे लागते. हे काम भावाकडे द्यावे. ब्रॉडकास्ट यादीवरून पाठवलेला निरोप फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवला आहे, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. तेव्हा निरोप पाठवला म्हणजे सगळ्यांना कळले असे धरू नये. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे, पण फोनला इंटरनेट चालू असेल तरच ते उत्तर जाते. फोन बंद करून देवघराबाहेर ठेवणार असाल, तर त्या सोयीचा उपयोग नाही. आवाज बंद करून चार्जिंगला लावून ठेवावा.

आता मजकूर. काउंटरची सूचना अशी लिहावी:

"ग्राहकांना नम्र विनंती. आमच्या घरी श्री खंडोबाचे षड्‌रात्र असल्याने दुकान शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५ ते गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५ असे सात दिवस बंद राहील. त्याआधी तयार हवी असलेली मोटार शनिवार, १५ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत आणून द्यावी. त्यानंतर आलेली मोटार दुकान उघडल्यावर मिळेल. तयार मोटारी गुरुवार, २० नोव्हेंबर रोजी रात्री ८ वाजेपर्यंत घेऊन जाव्यात. दुकान शुक्रवार, २८ नोव्हेंबर रोजी सकाळी ९ वाजता उघडेल."

आणि शटरवरची अशी:

"श्री खंडोबाच्या षड्‌रात्रानिमित्त दुकान बंद आहे. शुक्रवार, २८ नोव्हेंबर रोजी सकाळी ९ वाजता उघडेल. तयार मोटार न्यायची असल्यास किंवा मोटार जळून पिकाचे पाणी अडले असल्यास सकाळी ८ ते १० किंवा संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत (कारागिराचे नाव व क्रमांक) येथे फोन करावा. दर आणि इतर चौकशी २८ तारखेनंतर. लाइन किंवा डीपीच्या तक्रारीसाठी महावितरण: १९१२ किंवा १८००-२३३-३४३५."

"गैरसोयीबद्दल क्षमस्व" मी काढले आहे. ठेवायचे असेल तर काउंटरच्या सूचनेच्या शेवटी ठेवावे. शटरवरची जागा मात्र उघडण्याच्या तारखेला आणि फोन नंबरला द्यावी, कारण तिथे उभ्या असलेल्या माणसाला आधी पुढचा रस्ता हवा असतो.

२८ तारखेच्या सकाळी गर्दी होईल. सात दिवसांत ज्यांनी फोन केला आणि दुसरीकडे न जाता थांबायचे ठरवले, त्यांची नावे कारागिराच्या कागदावर आलेल्या क्रमाने असतील. पहिला दिवस त्यांना द्यावा आणि हे त्यांना फोनवरच सांगून ठेवलेले असावे. त्याच सकाळी शटरवरचा कागद काढावा, काउंटरचा फळा पुसावा आणि व्हॉट्सअॅपचे आपोआप जाणारे उत्तर बंद करावे. हे शेवटचे काम हमखास राहून जाते, आणि दुकान उघडल्यावरही "दुकान बंद आहे" असा निरोप ग्राहकांना जात राहतो.